सवलतीची आधी पारख



दुकानाच्या दरपत्रकात सूट किंवा जोडविक्री कायमची घालण्यापूर्वी तिची चाचणी घ्यावी, आणि ती गल्ल्यावरून न जोखता नगामागील नफ्यावरून जोखावी, यासाठी हे पत्र आहे. नगामागील नफा म्हणजे विक्रीच्या किमतीतून त्या नगासाठी लागणारा माल, वेष्टन व मजुरी वजा जाता उरणारी रक्कम. दुकानभाडे त्यात धरू नये, कारण एक पुडा जास्त खपल्याने ते वाढत नाही.

चिवड्याचा पुडा 100 रुपयांना विकला जात असेल आणि त्याला 70 रुपये खर्च येत असेल, तर 30 रुपये सुटतात. दहा टक्के सूट दिली की हा नफा 20 रुपयांवर, म्हणजे एक तृतीयांशाने, उतरतो. म्हणून आठवड्याला 200 पुडे खपत असतील, तर पूर्वीचेच 6,000 रुपये हाती येण्यासाठी 300 पुडे खपावे लागतात. मालाला एवढा उठाव येणार नसेल, तर सूट देऊ नये.

जोडविक्रीचा हिशेब अधिक फसवा असतो. 120 रुपयांच्या चकलीवर 48 रुपये सुटत असतील आणि चिवडा-चकलीची जोडी 200 रुपयांना दिली, तर जोडीमागे 58 रुपये मिळतात. जो ग्राहक एरवी फक्त चिवडा नेत होता, त्याच्याकडून 28 रुपये जास्त येतात; पण जो दोन्ही जिन्नस पूर्ण किमतीला नेतच होता, त्याच्यापायी 20 रुपये विनाकारण जातात. म्हणून किती जोड्या खपल्या यावर समाधान मानू नये. त्या नसत्या तर काय खपले असते, हे शोधावे.

त्यासाठी सारख्या वस्तीतील दोन दुकाने घ्यावीत, सणाचे दिवस टाळावेत, चार आठवडे एकाच दुकानात जोडी ठेवावी आणि दोन्हीकडील त्याआधीच्या चार आठवड्यांशी तुलना करावी. जोडीच्या दुकानाचा आठवड्याचा नफा 20,000 वरून 21,000 झाला, पण जोडी नसलेल्या दुकानाचा 15,000 वरून 16,200, म्हणजे आठ टक्क्यांनी वाढला, तर पहिल्या दुकानातही योजनेविना सुमारे 21,600 झाले असते; अर्थात वाढ दिसत असूनही 600 रुपये गेले. दोन दुकानांवरून एवढा लहान फरक पक्का ठरत नाही, म्हणून योजना दुसऱ्या दुकानात ठेवून चाचणी पुन्हा घ्यावी.

योजना संपल्यावरचे तीन-चार आठवडेही मोजावेत, कारण फरसाण टिकते, ग्राहक स्वस्तात साठा करतो आणि पुढची खरेदी लांबवतो. तेव्हा विक्री नेहमीपेक्षा खाली गेली, तर योजनेतील वाढ ही उद्याचीच विक्री आज झालेली असते. ही घट वजा करून नफा उरला, तरच जोडीला दरपत्रकात जागा द्यावी.