आरोप ज्याचा, नाव त्याचं

पोरांनो, लांबलचक शोधवृत्ताचा गोषवारा काढायला बसलात की पहिल्या वाचनात पेन हातात घेऊ नका. कोण कोण बोलतंय, तेवढंच ओळखा. दुसऱ्या वाचनात वहीत पाच रकाने आखा: कोण म्हणतं, कोणाबद्दल, नेमकं काय, कशाच्या आधारावर, आणि समोरच्याचं उत्तर काय. प्रत्येक आरोपाला एक ओळ द्या. रकाना रिकामा राहिला तर रिकामाच ठेवा, अंदाजाने भरू नका.

आपल्या वर्ध्याला लागून असलेल्या यवतमाळचंच प्रकरण घ्या. २०१७ च्या हंगामात तिथे कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी-मजुरांना विषबाधा झाली, वीसहून अधिक जण दगावले. सप्टेंबर २०२० मध्ये ‘पब्लिक आय’ या स्विस संस्थेने त्यावर शोध-अहवाल काढला. त्यात संस्था आहे, सिंजेंटा कंपनी आहे, तिचं ‘पोलो’ हे कीटकनाशक आहे, यवतमाळचे पोलीस आहेत आणि विषबाधा झालेली माणसं आहेत. घाईघाईत गोषवारा लिहिणारा हमखास असं लिहितो: “पोलोमुळे ९६ जणांना विषबाधा झाली, दोघे मेले.”

आता हेच वाक्य रकान्यांत बसवून बघा. ९६ हा आकडा मुळात पोलिसांच्या नोंदींतला आहे. त्या नोंदींत ही प्रकरणं पोलोशी जोडलेली आहेत. ती कागदपत्रं आपल्याला मिळाली, असं पब्लिक आय सांगते. म्हणजे आकडा आपल्यापर्यंत दोन हातांतून आलाय, आणि दोन्ही हात वाक्यात दिसले पाहिजेत. कंपनीने तर आरोप साफ नाकारलाय. म्हणून असं लिहायचं: “पब्लिक आयच्या अहवालानुसार, संस्थेला मिळालेल्या यवतमाळच्या पोलीस नोंदींत विषबाधेची ९६ प्रकरणं पोलोशी जोडलेली आहेत, त्यांतल्या दोघांचा मृत्यू झाला. पोलोमुळे हे घडल्याचा पुरावा नाही, असं सिंजेंटाचं म्हणणं आहे.” वाक्य लांबलं तरी चालेल. लांबी कमी करायची असेल तर विशेषणं काढा, नाव काढू नका.

दुसरी चूक आकड्यांच्या सरमिसळीची. वीसहून अधिक मृत्यू हे त्या हंगामातल्या सगळ्या फवारणीचे, त्यात निरनिराळी कीटकनाशकं आली. ९६ आणि दोन हे आकडे फक्त पोलोशी जोडलेल्या नोंदींचे. दोन्ही एका परिच्छेदात शेजारी आले की वाचणारा वीस मृत्यू एकाच कंपनीच्या नावावर टाकतो. म्हणून प्रत्येक आकड्यापुढे तो कशाचा, हे लगेच लिहा.

तक्रारींचंही तसंच. सप्टेंबर २०२० मध्ये ५१ बाधितांच्या वतीने स्वित्झर्लंडमधल्या एका सरकारी संपर्ककेंद्राकडे तक्रार गेली. ते न्यायालय नव्हे, तिथे दोन्ही पक्षांना बोलतं करून तोडगा काढायचा प्रयत्न होतो. जून २०२१ मध्ये बासेलला जो दिवाणी दावा दाखल झाला, तो तिघांचा: विषबाधेतून वाचलेला एक शेतकरी आणि दोन शेतकऱ्यांच्या विधवा. “५१ शेतकऱ्यांनी कोर्टात खेचलं” असं लिहिलंत, तर दोन्ही गोष्टी बिघडल्या. शिवाय दावा दाखल झाला म्हणजे आरोप सिद्ध झाला असं नाही. क्रियापद निवडताना हे ध्यानात ठेवा.

शोध घेणारी संस्थाच तक्रारदारांच्या पाठीशी असेल तर तेही एका वाक्यात सांगा. पब्लिक आय इथे अहवाल लिहिणारी होती आणि तक्रारीत सहभागीही होती. त्याने तिची कागदपत्रं खोटी ठरत नाहीत, पण बोलणारा कुठे उभा आहे, हे वाचणाऱ्याला कळायला हवं.

“आरोप होत आहे”, “सांगितलं जातं”, “समजतं” ही क्रियापदं मूळ वृत्तात असतील तर आधी आरोप करणारा शोधा. तो मूळ वृत्तातच सापडत नसेल, तर “वृत्तात आरोप करणाऱ्याचं नाव दिलेलं नाही” असं सरळ लिहा. ‘त्यांनी’ या शब्दालाही जपा. एका परिच्छेदात कंपनी, पोलीस आणि संस्था असे तिघे असताना ‘त्यांनी नाकारलं’ म्हटलं तर कोणी नाकारलं ते कळत नाही. नाव पुन्हा लिहायला लाजू नका.

रचना पक्षांप्रमाणे करू नका, आरोपांप्रमाणे करा. आधी पानभर आरोप आणि शेवटी ‘कंपनीने सर्व आरोप फेटाळले’ अशी एक ओळ टाकली की कुठल्या आरोपाला कुठलं उत्तर आलं, ते हरवतं. उत्तर आरोपाला चिकटूनच यावं. एखाद्या आरोपाला उत्तर आलंच नसेल, तर तेही तिथेच लिहा.

झालं की गोषवाऱ्यातलं कुठलंही एक वाक्य निवडा, वरचं-खालचं हाताने झाका आणि शेजारच्याला वाचायला द्या. हे कोण म्हणतंय, ते त्याला सांगता आलं नाही, तर ते वाक्य पुन्हा लिहा.