पत्रात गेम उलगडून दाखवा

प्रश्न : आठवी-नववीच्या मुलांसाठी दर शनिवारी मोबाइल गेम बनवण्याचा क्लब सुरू करायचा आहे. मुख्याध्यापिकांना पत्रात काय लिहू?

उत्तर : ‘गेम’ शब्द वाचताच मुलं फोन घेऊन खेळत बसणार, असंच बाईंना वाटेल. म्हणून सुरुवातीलाच एक गेम उलगडून दाखवा. एमआयटी ॲप इन्व्हेंटरवर उंदीर पकडण्याचा गेम सोपा आहे. Clock चं TimerInterval 500 ठेवलं की दर अर्ध्या सेकंदाला उंदीर जागा बदलतो, त्याला बोट लागलं की गुण वाढतो. नवी जागा काढताना पटाच्या रुंदीतून उंदराची रुंदी वजा करावी लागते, नाहीतर तो सारखा उजव्या कडेला जाऊन चिकटतो. हे गणित मुलं स्वतः मांडतील, हे ठळकपणे लिहा.

मागणी थोडक्यात करा : संगणक कक्ष, दोन तास, तीन मुलांमागे एक जुना अँड्रॉइड फोन. सिम नको.

खरी अडचण वाय-फायची. फोन आणि संगणक एकाच नेटवर्कवर असूनही गेम फोनवर उघडत नसेल, तर बहुधा शाळेच्या राउटरने उपकरणांचा आपसातला संपर्क बंद केलेला असतो. पत्र देण्याआधीच हे तपासा. तसं असेल तर apk फाइल बनवून फोनमध्ये टाकता येते, फक्त प्रत्येक दुरुस्तीनंतर ती नव्याने बनवावी लागते.

परवानगी सहाच शनिवारांची मागा. सहाव्या शनिवारी मुलांचे गेम खेळून पाहायला बाईंनाच बोलवा आणि ती तारीख पत्रात घाला.