सहीची कसोटी : एका स्पॅनिश अर्जातील क्रियापदांची दुरुस्ती

पेडण्यातील एक विद्यार्थिनी गेली दोन वर्षे माझ्याकडे स्पॅनिश शिकते. शाळेत तिसरी भाषा म्हणून तिने पोर्तुगीज घेतली होती, त्यामुळे स्पॅनिश वाचायला तिला फारसा त्रास झाला नाही. भाषांतराच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी सालामांका विद्यापीठाला लिहायच्या पत्राचा कच्चा खर्डा घेऊन ती एका रविवारी आली. याच सालामांका शहरात 1492 साली नेब्रिखाचे स्पॅनिश व्याकरण छापून निघाले, तेव्हा तिथे पाठवायच्या पत्रात क्रियापदे चुकू नयेत एवढी तरी काळजी घेऊ, असे मी थट्टेने म्हटले. खर्डा छोटा होता. त्यातली मुख्य वाक्ये अशी (उच्चार स्पेनमधले, म्हणून काही जागी ‘स’ऐवजी ‘थ’):

सोय एस्तुद्यान्ते दे गोआ ई किस्येरा साबेर सी आथेप्तेन आलुम्नोस एक्स्त्रान्खेरोस. बुस्को उन प्रोग्रामा के इंक्लूये प्राक्तिकास. लेस आग्रादेथेरीआ के मे इंदिकान लोस दोकुमेन्तोस नेथेसार्योस. क्वान्दो रेथिबीर एल तीतुलो, लेस एन्ब्यारे उना कोप्या. सी फ्वेरे पोसीब्ले, मे गुस्तारीआ एम्पेथार एन सेप्त्येम्ब्रे.

तिला म्हणायचे होते ते असे : मी गोव्याची विद्यार्थिनी असून आपण परदेशी विद्यार्थी घेता का, हे जाणून घेऊ इच्छिते. प्रत्यक्ष कामाचा अनुभव देणारा अभ्यासक्रम मी शोधत आहे. आवश्यक कागदपत्रे कोणती ते कळवल्यास आभारी होईन. पदवीचे प्रमाणपत्र मिळाले की त्याची प्रत पाठवीन. शक्य असल्यास सप्टेंबरमध्ये सुरुवात करायला आवडेल.

पाच वाक्यांत पाच चुका, आणि पाचही एकाच जातीच्या. स्पॅनिशमध्ये क्रियापदाची दोन घराणी आहेत. एक आपल्या स्वार्थासारखे, म्हणजे साधे विधान करणारे. दुसऱ्याला ते ‘सुबखुन्तीवो’ म्हणतात. वर्तमानकाळात बहुतेक क्रियापदांचा फरक एका स्वराचा असतो : ‘आर’ने संपणाऱ्या धातूत ‘आ’चा ‘ए’ होतो, ‘एर’ आणि ‘ईर’ने संपणाऱ्यांत ‘ए’चा ‘आ’ होतो. आथेप्तान म्हणजे ‘ते स्वीकारतात’, आथेप्तेन हे त्याचेच दुसरे रूप. हा स्वर बदलायला कोणीही आठवड्यात शिकतो. कुठे बदलायचा, हे मात्र वर्षभरात शिकला तरी पुष्कळ झाले.

पाठ्यपुस्तके सांगतात की शंका, इच्छा, भावना व्यक्त करताना सुबखुन्तीवो वापरावा. माझ्या विद्यार्थिनीने हे वाक्य पाठ केले होते आणि पहिली चूक त्यातूनच झाली. ‘आपण परदेशी विद्यार्थी घेता का, मला ठाऊक नाही, म्हणजे शंका आली, म्हणजे आथेप्तेन’ असा तिचा हिशेब. तो चुकीचा आहे. ‘सी’ने सुरू होणारा अप्रत्यक्ष प्रश्न स्वार्थातच येतो : सी आथेप्तान. तिने आपल्या मराठीवर विश्वास ठेवला असता तरी ती सुटली असती. आपण ‘घेतात की नाही ते विचारते’ असे म्हणतो, ‘घ्यावेत की नाही’ असे म्हणत नाही; म्हटले तर अर्थच बदलतो.

म्हणून मी तिला शंका-इच्छा विसरायला सांगितले आणि त्याऐवजी एक कसोटी दिली. गौण वाक्य मोडून बाहेर काढायचे, एकटे कागदावर लिहायचे आणि त्याखाली सही करता येईल का, हे स्वतःला विचारायचे. सही करता आली तर स्वार्थ. नाही आली, म्हणजे ते विधान आपण करतच नाही आहोत असे दिसले, तर सुबखुन्तीवो. अप्रत्यक्ष प्रश्न या कसोटीबाहेर ठेवायचा, कारण तो मोडला की ‘आपण घेता का?’ हा प्रश्नच हाती लागतो, आणि प्रश्न स्वार्थातच विचारला जातो.

तिसरे वाक्य कसोटीला लावू. ‘तुम्ही मला कागदपत्रे कळवता’ : याखाली सही करता येईल काय? नाही, त्यांनी अजून काही कळवलेले नाही, आपण विनंती करतो आहोत. तेव्हा इंदिकान चूक. इथे मराठी अर्जाची सवय उपयोगी पडते. ‘कागदपत्रांची यादी कळवावी, ही विनंती’ हे आपण डोळे मिटून लिहितो. तो ‘कळवावी’ विध्यर्थ आहे, आणि विनंतीच्या वाक्यात आपला विध्यर्थ आणि त्यांचा सुबखुन्तीवो बहुधा एकाच जागी बसतात.

तिने लगेच इंदिकान खोडून इंदिकेन केले. तेही पुरेसे नाही. प्रधान क्रियापद ‘आग्रादेथेरीआ’ आहे, म्हणजे ‘आभारी होईन’ या अदबीच्या, अटीच्या रूपात आहे. अशा क्रियापदामागून लेखी स्पॅनिशमध्ये भूतकाळी सुबखुन्तीवो येतो : के मे इंदिकारान. लॅटिन अमेरिकेत काही भागांत इंदिकेन ऐकू येईल, पण स्पेनच्या विद्यापीठाला लिहिताना ते टाळावे. ‘आग्रादेथेरीआ’च्या जागी साधे ‘लेस रुएगो’ (विनंती करते) लिहिले, तर मात्र इंदिकेन बरोबर. म्हणजे दुरुस्ती एका शब्दाची नसते, जोडीची असते. प्रधान वाक्य हलवले की गौण हलते.

भूतकाळी रूप करण्याची रीत सोपी आहे. ‘त्यांनी केले’ हे भूतकाळाचे अनेकवचनी रूप घ्यायचे, शेवटचे ‘रोन’ काढायचे आणि ‘रा’ लावायचा. इंदिकारोनचे इंदिकारा, अनेकवचनी इंदिकारान. किस्येरोनचे किस्येरा. इथे तिने पेन खाली ठेवले. ‘सर, किस्येरा तर मी पहिल्याच वाक्यात लिहिलंय.’ खरेच लिहिले होते, आणि बरोबर लिहिले होते. पत्राच्या सुरुवातीला ‘किस्येरा साबेर’ लिहायचे हे तिने घोकले होते, पण ते सुबखुन्तीवोच आहे हे तिला माहीत नव्हते. प्रधान वाक्यात तो क्वचितच येतो. अदब दाखवणारा किस्येरा हा त्यातला सर्वांत रुळलेला अपवाद.

चौथ्या आणि पाचव्या चुकीचा उगम पेडण्याच्या शाळेतल्या पोर्तुगीजमध्ये होता. पोर्तुगीजमध्ये भविष्यकाळी सुबखुन्तीवो आजही रोजच्या वापरात आहे. ‘मिळेल तेव्हा’ला ते ‘क्वान्दु रसेबेर’ म्हणतात, आणि नियमित क्रियापदांत हे रूप मूळ धातूसारखेच दिसते. तिने ते जसेच्या तसे उचलून ‘क्वान्दो रेथिबीर’ केले. स्पॅनिश कानाला ते ‘जेव्हा मिळणे’ असे काहीतरी वाटते. स्पॅनिशला इथे वर्तमानकाळी सुबखुन्तीवो लागतो : क्वान्दो रेथीबा. सहीची कसोटीही तेच सांगते, कारण प्रमाणपत्र अजून मिळालेले नाही. मराठीचा आधार मात्र इथे तुटतो. आपण ‘मिळेल तेव्हा’ किंवा ‘मिळाल्यावर’ म्हणतो, ‘मिळावे तेव्हा’ कधीच म्हणत नाही. विनंतीच्या वाक्यात विध्यर्थाने हात दिला म्हणून सगळीकडे तोच धरून चालणारा विद्यार्थी ‘क्वान्दो’पाशी हमखास अडखळतो. अनेकजण भविष्यकाळच घालतात (क्वान्दो रेथिबिरे), तीही चूकच.

‘सी फ्वेरे’ची गोष्ट जरा वेगळी आहे. पोर्तुगीज ‘सि फोर पुसीवेल’ अगदी रोजचे. स्पॅनिशमध्येही हे भविष्यकाळी रूप एके काळी होते आणि फ्वेरे हे व्याकरणाच्या तक्त्यात आजही छापलेले सापडते, त्यामुळे तिने ते शोधून, अभिमानाने लिहिले होते. पण ते आता कायद्याच्या मजकुरात आणि काही म्हणींत उरले आहे. ‘दोन्दे फ्वेरेस, आथ लो के व्येरेस’, म्हणजे जिथे जाशील तिथे जे पाहशील ते कर. आपल्याकडचे ‘देश तसा वेश’. विद्यार्थिनीच्या पत्रात ते जुन्या खरेदीखतातल्या भाषेसारखे दिसेल. मग काय लिहावे? ‘जर’ या अर्थाच्या ‘सी’पुढे वर्तमानकाळी सुबखुन्तीवो येत नाही, म्हणून ‘सी सेआ पोसीब्ले’ हा मार्ग बंद. दोन मार्ग उघडे : ‘सी एस पोसीब्ले’, किंवा ‘सी फ्वेरा पोसीब्ले’. पुढे ‘मे गुस्तारीआ’ असे अटीचे क्रियापद आहे, तेव्हा फ्वेरा अधिक जुळते. चूक एका स्वराची, फ्वेरे आणि फ्वेरा. पण मध्ये काही शतकांचे अंतर आहे.

दुसरे वाक्य मी मुद्दाम शेवटी ठेवले, कारण त्यात व्याकरणाची चूक नाही. ‘बुस्को उन प्रोग्रामा के इंक्लूये प्राक्तिकास’ हे शुद्ध स्पॅनिश आहे. मात्र वाचणाऱ्याला वाटेल की तिच्या मनात एक ठरावीक अभ्यासक्रम आहे, त्यात प्रत्यक्ष काम असते हे तिला माहीत आहे, फक्त तो तिला सापडत नाही. ‘के इंक्लूया’ म्हटले की अर्थ होतो : असा कोणताही, ज्यात ते असेल. मराठीत हाच फरक आपण ‘आहे’ आणि ‘असेल’ यांनी करतो. ‘ज्या घरात विहीर आहे ते घर शोधतोय’ म्हणणारा पत्ता विसरलेला असतो. ‘ज्यात विहीर असेल असे घर शोधतोय’ म्हणणारा गिऱ्हाईक असतो. अशी चूक तपासणाऱ्याला कागदावर दिसत नाही. लाल शाई लावण्याआधी लिहिणाऱ्याला विचारावे लागते. मी विचारले, ‘तुझ्या डोळ्यासमोर एखादा ठरावीक अभ्यासक्रम आहे?’ ती म्हणाली, ‘नाही, म्हणून तर विचारतेय.’ मग इंक्लूया.

दुरुस्त पत्र असे झाले : किस्येरा साबेर सी आथेप्तान आलुम्नोस एक्स्त्रान्खेरोस. बुस्को उन प्रोग्रामा के इंक्लूया प्राक्तिकास. लेस आग्रादेथेरीआ के मे इंदिकारान लोस दोकुमेन्तोस नेथेसार्योस. क्वान्दो रेथीबा एल तीतुलो, लेस एन्ब्यारे उना कोप्या. सी फ्वेरा पोसीब्ले, मे गुस्तारीआ एम्पेथार एन सेप्त्येम्ब्रे. वर ‘एस्तिमादोस सेन्योरेस’ या संबोधनानंतर तिने स्वल्पविराम दिला होता, तिथे अपूर्णविराम केला. स्पॅनिश पत्रात तसाच देतात.

काही दिवसांनी उत्तर आले, कागदपत्रांच्या यादीसह. आभाराचे पत्र तिने एकटीने लिहिले आणि कसोटीही एकटीनेच लावली. ‘तुम्ही इतक्या लवकर उत्तर दिलेत’ : याखाली सही करता येते, उत्तर समोर आहे. म्हणून तिने लिहिले, ‘लेस आग्रादेथ्को के मे आन कोन्तेस्तादो’. इथे माझी कसोटी तोकडी पडली, हे मला कबूल करावे लागले. उत्तर दिल्याची बातमी ती विद्यापीठाला देत नाही. ते त्यांना तिच्याआधीच ठाऊक आहे. ती त्या घटनेवर आपली भावना ठेवते आहे, आणि असे वाक्य खरे असले तरी सुबखुन्तीवोत जाते : के मे आयान कोन्तेस्तादो. तेव्हा कसोटीत मी एक प्रश्न वाढवला. सही करता येते का, एवढे पुरत नाही. ही गोष्ट सांगण्यासाठीच आपण सही करतो आहोत का, हेही पाहावे लागते. तिने ‘आन’ खोडून ‘आयान’ केले, आणि वहीतल्या जुन्या कसोटीशेजारी हा दुसरा प्रश्न पेन्सिलीने लिहून ठेवला.