पाळी, पुरळ आणि हनुवटीवरचे केस

तालुक्याच्या गावी स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून दवाखाना चालवताना पीसीओएसच्या, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या 'पीसीओडी'च्या, बऱ्याच मुली पाहिल्या. त्यातून जे पक्कं झालं ते इथे लिहिते.

१. पुरळ त्वचेच्या डॉक्टरांकडे, केस पार्लरमध्ये आणि पाळी आमच्याकडे, अशी बहुतेक मुलींची वाटणी झालेली असते. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असलेली, २२ वर्षांची एक मुलगी आईबरोबर आली. पाळी तेराव्या वर्षी सुरू झाली, पण पहिल्यापासून दीड-दोन महिन्यांनी यायची आणि आली की आठ-नऊ दिवस थांबायची नाही. जबड्याच्या कडेने मोठे, दुखरे पुरळ होते. आई म्हणाली, "मॅडम, सासूबाई म्हणतात लग्न झालं की होईल सुरळीत." केसांचा विषय निघालाच नाही. आईला बाहेर बसवल्यावर मुलीने ओढणी खाली केली आणि दर आठवड्याला थ्रेडिंग करते हे सांगितलं. तेव्हापासून नव्हे, त्याआधीपासूनच माझा नियम आहे: मुलीशी थोडा वेळ एकटीशी बोलायचं. आणि पाळी चुकली असेल तर लघवीची गर्भचाचणी आधी करायची, लग्न झालंय की नाही हे न विचारता.

२. सोनोग्राफीतल्या 'गाठी' गाठी नसतात. बीजकोशात दर महिन्याला काही पुटकुळ्या वाढायला लागतात, त्यातली एक मोठी होते आणि फुटून स्त्रीबीज बाहेर पडतं. पीसीओएसमध्ये त्या २ ते ९ मिलिमीटरवर अडकून राहतात आणि पडद्यावर रांगेने दिसतात. त्या ऑपरेशन करून काढायच्या नसतात. निदान तीनपैकी दोन गोष्टींवर होतं: लांबलेली पाळी, पुरुषी हॉर्मोन वाढल्याच्या खुणा किंवा तसा रक्ताचा रिपोर्ट, आणि सोनोग्राफी. त्याआधी थायरॉइड, प्रोलॅक्टिन आणि सकाळच्या रक्तातलं १७-हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन तपासून सारखी दिसणारी दुसरी दुखणी बाजूला काढावी लागतात. या मुलीच्या पहिल्या दोन गोष्टी समोर दिसत होत्या. तिची सोनोग्राफी झाली नसती तरी चाललं असतं. पाळी सुरू होऊन आठ वर्षं झाली नसतील तर सोनोग्राफीवरून हे निदान करूच नये, कारण त्या वयात धडधाकट मुलींचे बीजकोशही असेच दिसतात.

३. "माझ्यात पुरुषांचं हॉर्मोन कुठून आलं?" हा प्रश्न मुली घाबरून विचारतात, आणि त्याचं उत्तर सावकाश द्यायला हवं. ते प्रत्येक बाईत असतं. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून दोन हॉर्मोन निघतात. एलएच बीजकोशाच्या बाहेरच्या पेशींकडून टेस्टोस्टेरॉनच्या जातीचं हॉर्मोन बनवून घेतं; एफएसएच आतल्या पेशींकडून त्याचंच इस्ट्रोजेन करून घेतं. पीसीओएसमध्ये एलएच जोरात असतं आणि एफएसएच मागे पडतं, त्यामुळे कच्चा माल साचत जातो.

त्यात इन्शुलिनची भर पडते. स्नायू इन्शुलिनला नीट दाद देत नाहीत म्हणून स्वादुपिंड ते जास्त सोडतं. गंमत अशी की बीजकोश मात्र त्याला पूर्ण दाद देतो आणि आणखी पुरुषी हॉर्मोन बनवतो. शिवाय हेच वाढलेलं इन्शुलिन यकृताला टेस्टोस्टेरॉन बांधून ठेवणारं प्रथिन कमी बनवायला लावतं. म्हणून एकूण टेस्टोस्टेरॉनचा आकडा रिपोर्टात नॉर्मल येऊनही मोकळं टेस्टोस्टेरॉन जास्त असू शकतं. ते त्वचेतल्या तेलग्रंथींना चेतवतं, त्यातून पुरळ येतात. केसांच्या मुळाशी त्याचं आणखी जहाल रूप तयार होतं आणि हनुवटीवरची मऊ लव राठ, काळी होते.

स्त्रीबीज सुटलं नाही की प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही. गर्भाशयाचं अस्तर वाढतच राहतं आणि कधीतरी ढासळतं. तीच ती उशिरा येणारी, न थांबणारी पाळी. शिवाय एलएचला लगाम घालणारं हॉर्मोनही प्रोजेस्टेरॉनच, म्हणजे तो लगामही गेला आणि चक्र पुन्हा पहिल्यापासून सुरू. पाळी, पुरळ आणि केस यांची मुळं ही अशी एका ठिकाणी आहेत.

४. मान बघावी. या मुलीच्या मानेवर मागच्या बाजूला काळपट, मखमलीसारखी जाड त्वचा होती. आई ती घासून काढायला सांगत होती. तो मळ नसतो, वाढलेल्या इन्शुलिनची खूण असते. तिची उपाशीपोटीची साखर ९६, म्हणजे ठीक. पण ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन दोन तासांनी तपासली तर १५६ आली. ती १४०च्या आत हवी होती. आईला मधुमेह होताच. नुसत्या उपाशीपोटीच्या रिपोर्टावर समाधान मानलं असतं तर हे सुटलं असतं. सडपातळ मुलींनाही पीसीओएस होतो, तेव्हा वजनावरून साखरेचा अंदाज बांधू नये.

५. चेहऱ्याला काय लावतेस, हे विचारावंच. औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या गोरेपणाच्या क्रीममध्ये पुष्कळदा स्टेरॉइड असतं, आणि त्यानेही पुरळ आणि लव वाढते.

६. तिन्ही तक्रारी एकाच वेगाने बऱ्या होत नाहीत, आणि हे आधी सांगितलं नाही तर मुली दोन महिन्यांत औषध सोडतात. हिला आधी दहा दिवस प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या दिल्या. त्या थांबवल्यावर आठवड्याच्या आत रक्तस्राव झाला आणि साचलेलं अस्तर निघून गेलं. मग रक्तदाब बघून, अर्धशिशी आणि घरात कुणाला रक्ताच्या गुठळ्या झाल्या होत्या का हे विचारून, संयुक्त गर्भनिरोधक गोळी सुरू केली. "लग्नाआधी ही गोळी?" म्हणून आई दचकली. ही गोळी एलएच दाबते आणि टेस्टोस्टेरॉन बांधणारं प्रथिन वाढवते, एवढ्यासाठी ती होती. साखरेसाठी मेटफॉर्मिन, ५०० मिलिग्रॅमपासून, जेवणानंतर. पहिले काही दिवस पोट बिघडतं. रोजचं चालणं आणि रात्रीचा भात अर्धा. तिचं वजन ६८ किलो होतं. ५ टक्के, म्हणजे जवळपास साडेतीन किलो उतरलं तरी इन्शुलिनवर परिणाम दिसतो, आणि तेवढं तिने उतरवलं.

पाळी पहिल्याच महिन्यात वेळेवर आली, पण ती गोळीची पाळी होती, बीजकोश सुधारल्याचा पुरावा नव्हे. पुरळ तीन-चार महिन्यांनी ओसरले. केसांना सहा महिन्यांहून जास्त लागतात, आणि औषध फक्त नव्या केसांना अडवतं. जे राठ झाले ते पुन्हा लव होतीलच असं नाही; त्यांना लेसर लागतो. हॉर्मोन आटोक्यात येण्याआधी लेसरवर पैसे घातले तर केस परत येतात, असं मी अनेकींच्या बाबतीत पाहिलं आहे. तोवर रेझर वापरला तरी चालतो, त्याने केस वाढत नाहीत.

७. गोळी, मेटफॉर्मिन काहीच घेत नसाल तरी तीन महिने पाळीशिवाय जाऊ देऊ नका. अस्तर वर्षानुवर्षं वाढत राहिलं तर त्यात कर्करोगापर्यंत बदल होऊ शकतात. साखर दर एक ते तीन वर्षांनी तपासून घ्या. आणि एक वेगळी गोष्ट: केस वर्षानुवर्षं हळूहळू न वाढता दोन-चार महिन्यांत झपाट्याने आले, आवाज घोगरा झाला किंवा पुढचे केस विरळ झाले, तर ते पीसीओएस समजून थांबू नका. बीजकोशाची किंवा अॅड्रिनल ग्रंथीची गाठ असू शकते, आणि अशा मुलीला त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवायला हवं.