पाना लांब का असावा?

दाराची कडी बिजागरीपासून सर्वांत दूर का लावतात, हे प्रिय वाचकांनी स्वतः पडताळून पाहावे. बिजागरीलगत हात ठेवून दार लोटले, तर पुष्कळ जोर लागतो. कडीपाशी एक बोटही पुरते. आमच्या छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीतही पाण्याचा मारा आसावर नव्हे, तर आसापासून दूर असलेल्या पात्यांवर होतो.

जोर आणि आसापासूनचे अंतर ह्यांच्या गुणाकारास परिबल म्हणतात, व त्यानेच वस्तू फिरते. समजा, विहिरीवरील पंपाचा नट गंजला आहे. २० सेंटिमीटरच्या पान्यावर ३० किलो वजनाएवढा जोर लागत असेल, तर ६० सेंटिमीटरच्या पान्यावर १० किलोचा पुरेल. मात्र हात तिप्पट अंतर फिरवावा लागेल. म्हणून एकंदर काम तेवढेच राहते. जोरही पान्याशी काटकोनात लावावा. पान्याच्या लांबीच्या दिशेने कितीही ओढले, तरी नट फिरणार नाही.

लांब पान्यात एक धोका आहे. नटाबरोबर बोल्टचे टोकही फिरू लागले व घट्टपणा एकाएकी कमी झाला, तर बोल्ट पिळून तुटण्याच्या बेतात आहे असे समजावे. तेव्हा थांबावे, आट्यांत तेल सोडावे व रात्रभर ते मुरू द्यावे.