वर चढणारी रेघ

रत्नागिरीत सिव्हिल डिप्लोमा करणाऱ्या मुलांचे पालक हमखास विचारतात, "साइटवर उन्हात उभं राहण्याशिवाय दुसरं काही आहे का?" आहे. प्लॅनिंग इंजिनीअर. काम वेळेत चाललंय की घसरतंय, हे कागदावर ओळखणारा माणूस. त्याच्या मुलाखतीत विचारता येईल असा एक तक्ता इथेच सोडवून बघू. नाव माइलस्टोन ट्रेंड चार्ट.

आडव्या अक्षावर अहवालाची तारीख, उभ्यावर टप्पा पुरा होण्याची अपेक्षित तारीख. दोन्ही तारखा जिथे सारख्या, तिथून एक तिरकी रेघ जाते. टप्प्याची रेघ तिला टेकली की तो टप्पा झाला. रेघ आडवी असेल तर काम वेळेवर, वर चढली तर उशीर, खाली आली तर काम लवकर.

समजा, खाडीवरचा एक छोटा पूल आहे. गर्डर बसवून होण्याची तारीख जानेवारीअखेरच्या अहवालात ३१ मे होती. फेब्रुवारीअखेर ती १५ जून झाली, मार्चअखेर ३० जून, एप्रिलअखेर १५ जुलै. प्रत्येक बैठकीत "पंधराच दिवस" म्हणून विषय संपला. पण रेघ याच चढाने पुढे ओढा. ती तिरक्या रेघेला भेटते सप्टेंबरअखेर, म्हणजे मूळ तारखेच्या चार महिने पुढे.

इथे पट्टी खाली ठेवायची आणि कोकणातला माणूस म्हणून बघायचं. मे महिन्याचं काम मिरगाच्या पावसात शिरलं. भरतीच्या खाडीत, वाऱ्यात क्रेन उभी करायची? सरळ रेघेला पाऊस कळत नाही. मी दिवाळीच्या आसपासची तारीख धरीन.

आता दुसरी रेघ. पूल खुला करण्याची तारीख चारही अहवालांत १५ ऑगस्टच. मुलं खूश होतात, ही तरी वेळेवर! पण गर्डर आणि उद्घाटन यांत आधी अडीच महिने होते, आता एकच उरला. स्लॅबच्या काँक्रीटची ताकद २८ दिवसांची धरतात. मग जोडरस्ता कधी? दोन रेघा अशा जवळ येत असतील तर वरची आडवी रेघ ही कोणीतरी जाहीर केलेली तारीख असते, अंदाज नव्हे.

कारण मात्र तक्ता सांगत नाही. कोकण रेल्वेची पायाभरणी १९९० मध्ये झाली, सलग मार्ग २६ जानेवारी १९९८ ला सुरू झाला. पेडण्याच्या बोगद्यात मऊ माती ढासळत राहिली, हे रेघेवरून नाही, बोगद्याच्या तोंडाशी उभं राहूनच कळतं. तेव्हा ऊन काही चुकत नाही.

एक घरी सोडवा. पायाच्या कामाची तारीख जानेवारी, फेब्रुवारीत ३१ मार्च. मार्चअखेरच्या अहवालात एकदम ३० एप्रिल. फेब्रुवारीत साइटवरून खरी बातमी आली होती का?