सोन्याचा भाव कायद्याने बांधला होता तेव्हा

औरंगपुऱ्यातून गुलमंडीमार्गे सराफ्यात गेले की दुकानांतून दिवसाच्या भावाची पाटी दिसते. तो भाव रोज बदलतो, याचे आपणांस काहीच वाटत नाही. परंतु १९२७ ते १९३१ या काळात ब्रिटिश हिंदुस्थानात सोन्याचा भाव कायद्यानेच ठरलेला होता : एका तोळ्यास २१ रुपये ३ आणे १० पै. अर्थशास्त्राच्या तासाला सुवर्ण परिमाण शिकताना हा आकडा मी नुसता पाठ केला होता. पुढे माझ्या मनात एक साधा प्रश्न आला. सोन्याचा भाव हलायचाच नाही असे ठरले, तर मग हलायचे कोणी? प्रस्तुत लेख त्या प्रश्नाविषयी आहे.

हिल्टन यंग आयोगाने १९२६ मध्ये रुपयाचा दर १ शिलिंग ६ पेन्स ठेवण्याची शिफारस केली आणि १९२७ च्या कायद्याने ती अमलात आली. पौंड त्या वेळी सोन्याशी जोडलेला होता. एका पौंडाचे १३ रुपये ५ आणे ४ पै होत, आणि पौंडातील सोन्याच्या वजनावरूनच वरील तोळ्याचा भाव निघतो. या भावाने कोणीही आणून दिलेले सोने सरकारने घ्यायचे. मात्र त्याचे वजन किमान ४० तोळे हवे. उलट बाजूने रुपये घेऊन सोने द्यायचे किंवा सरकारच्या इच्छेनुसार लंडनला पौंड द्यायचे. प्रत्यक्षात पौंडच दिले जात. म्हणून या व्यवस्थेला शुद्ध सुवर्ण परिमाण म्हणावे की नाही, याबद्दल वाद होऊ शकेल. चलनपुरवठ्याच्या दृष्टीने तिचे वागणे मात्र सुवर्ण परिमाणाचेच होते.

ते वागणे असे. समजा, मुंबईच्या एका व्यापाऱ्यास लंडनला १,००० पौंड पाठवावयाचे आहेत. बाजारात पौंडाला मागणी फार आहे आणि रुपया १ शिलिंग ६ पेन्सच्या खाली घसरू पाहतो आहे. ही घसरण अमर्याद होऊ शकत नाही. सोने लंडनला नेण्याचा खर्च धरून, सुमारे पाव पेनी खाली, १ शिलिंग ५ ४९/६४ पेन्स या दराने सरकार पौंड देण्यास बांधलेले आहे. बाजार याहून वाईट भाव मागू लागला की व्यापारी सरकारकडे जातो, साडेतेरा हजारांच्या आसपास रुपये भरतो आणि लंडनमध्ये पौंड घेतो. त्याचे पौंड सरकारच्या गंगाजळीतून गेले, आणि त्याने भरलेले रुपये चलनातून बाहेर पडले. देशातील पैसा कमी करावा, असे कोणी ठरवले नव्हते. भाव राखण्याचे वचन पाळता पाळता तो आपोआप कमी झाला. निर्यात वाढून सोने किंवा पौंड आत आले की हीच क्रिया उलट घडते आणि चलन वाढते.

पुढची पायरी डेव्हिड ह्यूमने १७५२ मध्येच सांगून ठेवली होती. पैसा कमी झाला की किमती उतरतात. किमती उतरल्या की आपला माल परदेशी खपतो, परका माल महाग वाटतो, आणि गेलेले सोने परत येते. कागदावर ही मांडणी फार सुंदर दिसते. तिच्यात मंत्र्याची लहर चालत नाही, हा तिचा खरा गुण. पहिल्या महायुद्धातील भाववाढ लोकांच्या आठवणीत ताजी असताना या गुणाची ओढ वाटणे स्वाभाविकच होते. आपल्या शहरात मिलिंद महाविद्यालय उभारणाऱ्या डॉ. आंबेडकरांनी १९२३ च्या ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या ग्रंथात सुवर्ण विनिमय परिमाणावर टीका केली, तीही याच बाजूने. चलन वाढविण्याची मोकळीक सरकारच्या हाती राहते आणि त्यामुळे रुपयाची खरेदीशक्ती घसरते, असा त्यांचा आक्षेप होता.

१९२९ नंतर मात्र संकट उलट्या दिशेने आले. जागतिक मंदीत शेतमालाचे भाव कोसळले, निर्यातीचे उत्पन्न आटले आणि रुपयावर दाब आला. १९१४ चा जुलै १०० धरून काढलेला कलकत्त्याचा घाऊक किमतींचा निर्देशांक १९२९ मध्ये १४१ होता, तो १९३१ मध्ये ९६ वर आला. अशा वेळी व्याज उतरवावे, चलन सैल करावे, असे आज कोणीही सुचवील. पण तसे केले असते तर आणखी लोक रुपये भरून पौंड मागावयास आले असते आणि गंगाजळी रिकामी झाली असती. दर टिकवावयाचा तर चलन आवळणे भाग होते, आणि सरकारने ते आवळले. किमती स्थिर ठेवणे व विनिमय दर स्थिर ठेवणे ही दोन कामे, आणि साधन एकच. ते साधन आधीच दराला वाहिलेले. स्थिरीकरणाला हात उरला नाही तो इथे.

ह्यूमच्या मांडणीत किमती नुसत्या ‘उतरतात’. पण कर्ज आणि सारा उतरत नाहीत. वरच्याच आकड्यांवरून हिशेब करून पाहू. १९२९ मध्ये ज्याला १०० रुपयांचे देणे फेडण्यास १०० मापे माल विकावा लागे, त्याला १९३१ मध्ये त्याच देण्यासाठी सुमारे १४७ मापे विकावी लागत. हा सरासरीचा हिशेब झाला. शेतमालाचे भाव सरासरीपेक्षाही अधिक पडले होते. किमती उतरून समतोल साधतो, या वाक्यात कर्जदाराची मोडतोड धरलेलीच नसते.

येथे आपल्या मराठवाड्याची गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. औरंगाबाद त्या वेळी निजामाच्या राज्यात होते आणि येथे हाली रुपया चाले. नाणे वेगळे, टांकसाळ वेगळी. तेव्हा आपण या फासातून सुटलो असू, असे मला प्रथम वाटले होते. पण १०० ब्रिटिश रुपयांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली, म्हणजे सहास सात, हे प्रमाण धरून हाली रुपया सांभाळला जाई. आपला कापूस मनमाडमार्गे मुंबईस जाई. मुंबईचा भाव पडला की इथलाही पडे, आणि हालीचा दर तर बांधलेला. म्हणजे हाली रुपया ब्रिटिश रुपयाला, तो पौंडाला आणि पौंड सोन्याला, अशी ती साखळी होती.

साखळीच्या दुसऱ्या टोकालाही नियम सारखे नव्हते. ज्या देशाचे सोने जाते त्याला चलन आवळावेच लागते. ज्याच्याकडे येते त्याने चलन वाढवावे, अशी सक्ती कोणीच करू शकत नाही. अमेरिका आणि फ्रान्स यांनी त्या वर्षांत सोने साठवले आणि त्या प्रमाणात चलन वाढू दिले नाही. त्यामुळे आपोआप जुळणीचे ओझे एकाच बाजूवर पडले.

२१ सप्टेंबर १९३१ ला ब्रिटननेच सोने सोडले. हिंदुस्थान सरकारने त्याच दिवशी सोने किंवा पौंड विकण्याचे बंधन स्थगित केले आणि २४ तारखेला रुपया पुन्हा पौंडास बांधला. दर तोच, १ शिलिंग ६ पेन्स. पण पौंडच सोन्याच्या मानाने घसरला होता. त्यामुळे तोळ्याचा भाव २१ रुपये ३ आणे १० पै सोडून वर्षअखेर तिसाच्या जवळ गेला. त्याबरोबर खेड्यापाड्यांतून दागिने बाहेर पडू लागले आणि १९३१-३२ या एका वर्षात देशातून सुमारे ५८ कोटी रुपयांचे सोने बाहेर गेले. अर्थशास्त्राच्या पुस्तकांतून त्याला ‘संकटाचे सोने’ म्हणतात. देणी भागवण्यासाठी ते विकले गेले, हे खरे. चांगला भाव आला म्हणूनही काहींनी विकले असेल.

१९२७ च्या कायद्यात सरकारकडून सोने मागणाऱ्याला किमान १,०६५ तोळ्यांची मागणी करावी लागे. तेवढे मागण्याची ऐपत फक्त पेढ्यांची आणि बँकांची होती. शेतकरी त्या खिडकीपाशी कधी गेलाच नाही. तो सराफाच्या पेढीवर गेला, तेही मोड घेऊन.